अकरा आठवड्यांचा उच्चांक



व्याख्यानमालेची पत्रिका हाती पडल्यावर आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी आम्हाला वाटेत अडवून विचारले, "तुमच्या विषयात 'चॅनेल' असा शब्द आहे, तो दूरदर्शनचा की पाटबंधारे खात्याचा?" आम्ही म्हटले, "पाटबंधाऱ्याच्या जवळचा आहे. पाटाला जसे दोन काठ असतात, तसे भावालाही दोन काठ धरायचे. भाव काठ फोडून ज्या अंगाला बाहेर पडेल, त्या अंगाला आपण जायचे." ते म्हणाले, "एवढेच? मग त्याला तासभर कशाला हवा?" प्रश्न रास्त होता. नियम खरोखरच दोन वाक्यांत सांगून होतो. तासभर लागतो तो दुसऱ्याच गोष्टीला. दोन वाक्यांचा नियम पाळताना शहाण्यासुरत्या माणसांचे हात का कापतात, ही ती गोष्ट.

आधी ती दोन वाक्ये सांगून टाकतो. रिचर्ड डाँचियन नावाचे एक अमेरिकन गृहस्थ होते. १९०५ साली जन्मले, १९९३ साली वारले. वस्तूंच्या वायदेबाजारात लोकांचे पैसे एकत्र करून गुंतवणारा एक अगदी आरंभीचा फंड त्यांनी १९४९ साली काढला. त्यांच्या नावावर 'चार आठवड्यांचा नियम' म्हणून एक नियम ओळखला जातो. मागल्या पुऱ्या चार आठवड्यांतला जो सर्वांत वरचा भाव, त्याच्या वर भाव गेला की घ्यायचे. मागल्या पुऱ्या चार आठवड्यांतला जो सर्वांत खालचा भाव, त्याच्या खाली गेला की असलेला माल विकायचा आणि वर मंदीचा सौदाही करायचा, म्हणजे आधी विकून मागून घ्यायचे. संपला नियम. पीकपाणी, युद्ध, सरकारचे धोरण, कोण काय म्हणाले, यांपैकी कशाचीही चौकशी त्यात नाही.

यात शहाणपण ते काय, असे वाटणे साहजिक आहे. स्वस्त घ्यावे आणि महाग विकावे हे आपल्याकडे किराणा दुकानातल्या पोरालाही कळते, आणि हे गृहस्थ सांगतात की चार आठवड्यांत सर्वांत महाग झाले की घ्या! पण क्षणभर असा विचार करून पाहा. अकरा आठवड्यांतला उच्चांक आज मोडला, याचा अर्थ काय? या अकरा आठवड्यांत ज्याने ज्याने माल घेतला तो प्रत्येक जण आज फायद्यात आहे, आणि ज्याने ज्याने मंदीचा सौदा केला तो प्रत्येक जण आज तोट्यात आहे. मंदीवाल्यांना केव्हा ना केव्हा माल घेऊन सौदा मिटवावा लागणार, आणि ती खरेदी भाव आणखी वर ढकलणार. भाव वरच जाईल अशी याने हमी मिळत नाही. तथापि मोठी तेजी कोणतीही असो, तिला या उंबरठ्यावरून जावेच लागते. उच्चांक न मोडता कुठलीही वस्तू दुप्पट झालेली नाही. म्हणून या नियमाने चालणाऱ्याला खोट्या तेजी पुष्कळ भेटतील, पण खरी एकही चुकणार नाही. त्याने ती मधूनच सोडली तर गोष्ट वेगळी, आणि त्या सोडण्याविषयीच आम्हाला आज बोलावयाचे आहे.

इथे मोजणीची एक चूक सांगून ठेवतो, कारण आम्ही ती केलेली आहे. उच्चांक काढायचा तो मागल्या दिवसांचा, आज सोडून. आम्ही वहीत पहिल्यांदा कोष्टक मांडले तेव्हा आजचा दिवसही त्यात धरला. मग आजचा भाव आजच्याच उच्चांकाच्या वर जाईल कसा? महिना दोन महिने एकही इशारा आला नाही, आणि आम्ही आपले म्हणत राहिलो, बाजार मोठा थंड आहे.

आता शिकागोला जाऊ. तिथे रिचर्ड डेनिस या नावाचा एक मोठा सटोडिया होता, आणि विल्यम एकहार्ट हा त्याचा गणिती मित्र. दोघांचा वाद असा की चांगला व्यापारी जन्मावा लागतो की शिकवून तयार होतो. डेनिसचे म्हणणे, शिकवता येतो. वादाचा निकाल लावण्यासाठी १९८३ च्या अखेरीस त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, आणि दोन तुकड्या मिळून वीसेक माणसे निवडली. त्यांत वायदेबाजाराशी संबंध नसलेले बरेच होते. दोन आठवडे शिकवले, आणि डेनिसच्या पैशावर बाजारात सोडले. त्यांना 'टर्टल' म्हणजे कासवे म्हणत. डेनिसने सिंगापुरात कासवे पाळण्याचे एक ठिकाण पाहिले होते, त्यावरून हे नाव पडले. पुढे त्यांच्यापैकीच कर्टिस फेथ या एकाने ते नियम लोकांपुढे मांडले, त्यामुळे आज त्यांविषयी खात्रीने बोलता येते.

नियम डाँचियनच्याच घराण्यातले होते. त्यांचे दोन प्रकार होते. एक वीस दिवसांचा, म्हणजे बाजाराचे चार आठवडे. दुसरा पंचावन्न दिवसांचा, म्हणजे अकरा आठवडे. आज आपण लांबचा, पंचावन्न दिवसांचा घेऊ. पंचावन्न दिवसांचा उच्चांक मोडला की खरेदी. नीचांक मोडला की मंदीचा सौदा. कासवांना जे खरे शिकवले ते याच्या पुढचे आहे, ते म्हणजे किती घ्यायचे, आणि केव्हा सोडायचे.

'किती' हा प्रश्न आपण सहसा विचारतच नाही. खिशात जेवढे असतील तेवढ्याचे, किंवा मनाला जितकी खात्री वाटते त्या मानाने, असे आपण घेतो. कासवांचा हिशेब वेगळा होता. वस्तू एका दिवसात साधारण किती हेलकावे खाते, हे आधी मोजायचे. आजचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव यांतले अंतर काढायचे. पण काल बंद होताना असलेल्या भावापासून आज भाव उडी मारून उघडला असेल, तर ती उडीही त्यात आली पाहिजे. म्हणून तीन अंतरे पाहायची: आजचा उच्चांक वजा आजचा नीचांक, आजचा उच्चांक वजा कालचा बंद भाव, आणि कालचा बंद भाव वजा आजचा नीचांक. तिन्हींत जे मोठे तो आजचा खरा हेलकावा. मग कालच्या सरासरीला एकोणिसाने गुणून त्यात आजचा हेलकावा मिळवायचा आणि विसाने भागायचे, की आजची सरासरी आली. कासवे हिला 'एन' म्हणत. आपणही तेच अक्षर वापरू, सोपे आहे.

नियम असा की एका वेळी इतकाच माल घ्यायचा की भाव एक एन हलला तर आपल्या भांडवलाचा शंभरावा हिस्सा हलावा. आणि घेतल्या भावापासून दोन एन उलट गेला की, कारण न विचारता, बाहेर पडायचे. म्हणजे एका चुकीला भांडवलाचे शेकडा दोन जातील. पुढे भाव आपल्या बाजूने गेला तर दर अर्ध्या एनला तेवढाच आणखी एक हिस्सा घेत घेत चार हिश्श्यांपर्यंत जाण्याची त्यांना मुभा होती, आणि तसे करताना आधीच्या हिश्श्यांचे स्टॉपही वर ओढीत. त्या भागात आज शिरत नाही. एका हिश्श्यातच सगळी गंमत आणि सगळा त्रास आहे.

उदाहरणाला घरे तापवण्याचे तेल घेऊ. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात त्याचा एक लॉट ४२,००० गॅलनचा असतो. म्हणजे गॅलनमागे एक सेंट भाव हलला की एका लॉटवर ४२० डॉलर हलले. भाव मात्र आम्ही सोयीसाठी धरलेले आहेत, ते कुठल्या वर्षीचे म्हणून शोधू नका. भांडवल दहा लाख डॉलर माना. त्याचा शंभरावा हिस्सा दहा हजार. तेलाचा एन दीड सेंट आहे असे धरा. दीड सेंट गुणिले ४२०, म्हणजे एका लॉटचा रोजचा हेलकावा ६३० डॉलर. दहा हजाराला ६३० ने भागले की १५.८७ येतात. अपूर्णांक सोडायचा, वर न्यायचा नाही. म्हणजे १५ लॉट घ्यायचे. दोन एन म्हणजे तीन सेंट उलट गेला तर १५ लॉटवर तोटा १८,९०० डॉलर, दोन टक्क्यांच्या किंचित आत.

आता समजा तेलाच्या बाजारात धुमाकूळ चालू आहे आणि एन दुप्पट, तीन सेंट, झाला आहे. त्याच हिशेबाने सात लॉट येतात. बाहेर पडण्याचे अंतर आता सहा सेंट झाले, तरी तोटा होईल १७,६४० डॉलर. बाजार दुप्पट उसळतो आहे, पण आपला धोका होता तिथेच आहे. तेल असो, मका असो, सोने असो, हा एकच गज सगळीकडे चालतो. कुठल्याही एका वस्तूला आपले घर बुडवता येत नाही. ज्यांना जात्याच खात्री वाटते त्यांना हा गज फार जाचतो, कारण बाजार ज्या दिवशी सर्वांत रंगात आलेला असतो त्याच दिवशी तो सर्वांत कमी घ्यायला लावतो.

आता प्रत्यक्ष चालवून पाहू. पंचावन्न दिवसांतला सर्वांत वरचा भाव ७९.९० सेंट होता, आज तो मोडला, आपण ८० ला पंधरा लॉट घेतले. स्टॉप ७७ ला. पाच दिवस भाव घुटमळला, मग घसरला, ७७ ला आपण बाहेर. १८,९०० गेले. भांडवल उरले ९,८१,१००. दीड महिन्याने भाव खाली खाली येत पंचावन्न दिवसांचा नीचांक मोडतो. आपण ७१.९० ला मंदीचा सौदा करतो. एन आता १.६ सेंट आहे, भांडवलही थोडे कमी झाले आहे, त्यामुळे लॉट येतात चौदा. भाव उलटतो, ७५.१० ला आपण बाहेर. १८,८१६ डॉलर गेले. तीन महिन्यांत दोन सौदे, दोन्ही खोटे, आणि भांडवलाचे जवळजवळ चार टक्के उडाले. दोन्ही वेळा तुम्ही सर्वांत महाग घेतले आणि सर्वांत स्वस्त विकले, आणि घरच्यांना ते दिसलेही आहे.

मग तिसरा इशारा येतो. ८०.५० ला पुन्हा उच्चांक मोडला. पहिल्या खेपेला जिथे हात पोळला, जवळजवळ तीच जागा! नियम म्हणतो, पंधरा लॉट घ्या.

इथे आम्ही आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही आणि आमचे दोन स्नेही, तिघेही नोकरीतून निवृत्त झालेले, एक वर्ष ही पद्धत नुसती कागदावर चालवीत होतो. मग थोडे खरे पैसे घालून मुंबईच्या वायदेबाजारात चांदीच्या छोट्या लॉटवर ती सुरू केली. पहिला इशारा खोटा गेला. दुसरा खोटा गेला. तिसऱ्याच्या दिवशी आम्ही तिघे एका घरी चहाला जमलो आणि ठरवले की आठ दिवस वाट पाहावी, भाव टिकतो की नाही ते बघावे, मग घ्यावे. ठराव एकमताने झाला. आठ दिवसांत भाव इतका वर गेला की आता घेणे म्हणजे मूर्खपणा, असे पुन्हा एकमताने ठरले. त्या चांदीने पुढचे चार महिने मागे वळून पाहिले नाही. वर्षअखेर हिशेब केला तेव्हा असे दिसले की नियमाने केलेल्या सगळ्या सौद्यांचा तोटा एकट्या त्या सौद्याने भरून निघून वर शिल्लक राहिली असती. आम्ही तोट्याचे सगळे सौदे प्रामाणिकपणे केले होते आणि फायद्याचा तेवढा गाळला होता. पद्धत तपासायला निघालो होतो, तपासले गेलो आम्हीच.

हे आमच्याच बाबतीत झाले असे नव्हे, म्हणून सांगायला धीर होतो. कर्टिस फेथने २००७ साली आपले पुस्तक लिहिले, त्यात १९८४ च्या आरंभीची हकीकत आहे. कासवांना नुकतेच लहान खाते देऊन बाजारात सोडले होते. तेव्हा योगायोगाने याच घरे तापवण्याच्या तेलात मोठी तेजी आली. एकाच वर्गात बसून, एकाच गुरूकडून, तेच नियम सर्वांनी ऐकले होते. तरी नियमाने सांगितलेला पुरा माल फेथने घेतला, बाकीच्यांनी कुणी थोडा घेतला, कुणी कचरत राहिला. फेथचे वय तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. त्यानंतर डेनिसने त्याला इतरांपेक्षा मोठे खाते दिले. आमचा एक स्नेही यावर म्हणाला, एकोणीस वर्षांच्या पोराला संसार नसतो. ते खरे असेलही. दुसऱ्याचे पैसे असले की हात कमी कापतो, हेही खरे.

परत आपल्या तेलाकडे येऊ आणि समजू की आपण तिसरा इशारा पाळला. घेतला भाव ८०.५०, लॉट पंधरा, स्टॉप ७७.५०. आता बाहेर पडायचे केव्हा? इथे पद्धतीचा तिसरा भाग येतो, आणि आमच्या मते तोच सर्वांत कडू आहे. अमुक भाव आला की विकायचे, असा आकडा या पद्धतीत नाही. नियम एवढाच की मागल्या वीस दिवसांतला सर्वांत खालचा भाव मोडला की बाहेर. रोज संध्याकाळी तो वीस दिवसांचा नीचांक वहीत लिहायचा. आरंभी तो आपल्या स्टॉपच्याही खाली असतो, त्यामुळे तेव्हा राखण स्टॉप करतो. भाव ८८ वर जातो, तोवर जुने खालचे दिवस एकेक करून विसांच्या बाहेर पडू लागतात आणि तो नीचांक हळूहळू चढतो. भाव ९५ ला असताना तो ८६ वर आलेला असतो. गाईच्या मागे वासरू चालावे तसा तो मागून चालतो. गाय थांबली तरी तो काही दिवस चालतच राहतो, आणि ती मागे वळली की दोघांची गाठ पडते.

समजा भाव पाचव्या महिन्यात ११२ ला टेकला. त्या वेळी वीस दिवसांचा नीचांक होता १०३. भाव वळला, ११० झाला, १०७ झाला. वहीत दिसणारा नफा दर दिवशी वितळतो आहे. नियम म्हणतो, बसा. शेवटी १०२.९० ला आपण बाहेर पडतो. हिशेब करा. ८०.५० पासून १०२.९० म्हणजे २२.४० सेंट, पंधरा लॉटवर १,४१,१२० डॉलर नफा. आधीचे दोन तोटे मिळून ३७,७१६. दलाली सोडली तर निव्वळ शिल्लक १,०३,४०४. पण त्याच वेळी, ११२ च्या शिखरापासून बाहेर पडेपर्यंत जो नफा हातातून परत गेला तो ५७,३३० डॉलर. म्हणजे दोन्ही खोट्या सौद्यांत मिळून जेवढा तोटा झाला त्याहून जास्त आपण एका खऱ्या सौद्याच्या शेवटी परत दिले! मनुष्यस्वभाव असा की १,४१,००० मिळाल्याचा आनंद दोन दिवस टिकतो, आणि ५७,००० गेल्याची हळहळ वर्षभर.

मग ११२ लाच का विकू नये? कारण ११२ हे शिखर होते हे ११२ ला कळत नाही. ८८ लाही ते शिखरच वाटले होते, ९५ लाही. दोन्ही ठिकाणी भाव थोडा मागे आला होता. त्या भीतीने जो ९५ ला विकतो, त्याला त्या दिवशी शाबासकी मिळते. पण अशा पद्धतीत दहापैकी साधारण तीन-चारच सौदे फायद्याचे निघतात, आणि त्यांतही एखादाच लांब धावतो. तो एखादा कापून लहान केला की उरलेल्या सहा-सात तोट्यांना भरपाई कुठून येणार? शेवटी परत दिलेले पैसे हे त्या लांब धावेचे भाडे आहे, असे समजावे लागते. वीसऐवजी दहा दिवसांचा नीचांक धरला तर भाडे कमी पडते, पण मधल्या एखाद्या विसाव्यातच आपण गाडीतून उतरून जातो. कासवांच्या छोट्या प्रकारात, जिथे वीस दिवसांच्या उच्चांकाला घेत, तिथे बाहेर पडायला दहा दिवसांचाच नीचांक होता. दोन्ही प्रकारांना आपापले भाडे होते.

आता या पद्धतीचे कुठे फसते ते सांगतो. पहिली जागा म्हणजे, दोन एनचा स्टॉप हा भिंतीसारखा नसतो. त्या भावाला बाजारात समोर कुणी सौदा करणारा असला तरच तो पाळला जातो. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा शेअरबाजार एका दिवसात २२ टक्क्यांहून अधिक कोसळला. कासवांपैकी पुष्कळांचे त्या वेळी व्याजदराच्या वायद्यांत मंदीचे सौदे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने बाजाराला पैसा पुरवण्याची तयारी जाहीर केली, आणि ते वायदे आदल्या दिवसापेक्षा फार वर उघडले. स्टॉपचे भाव मधल्या मोकळ्या जागेत राहून गेले. ठरवलेला तोटा दोन टक्के, आणि झालेला त्याच्या कित्येक पट. खुद्द डेनिसने लोकांचे पैसे घेऊन चालवलेले फंड १९८८ साली मोठ्या तोट्यानंतर बंद केले. ज्या माणसाने ही शाळा काढली त्याचीच ही गत झाली, हे सांगितल्याशिवाय या विषयावर व्याख्यान देणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

दुसरी जागा म्हणजे, वस्तू वेगळ्या दिसल्या तरी धोका वेगळा असेलच असे नाही. तापवण्याचे तेल आणि कच्चे तेल हे दोन बाजार, दोन इशारे, दोन हिस्से. पण भाव पडला तर दोन्ही एकाच दिवशी पडणार. म्हणून कासवांना मर्यादा घालून दिल्या होत्या. एका बाजारात चार हिश्श्यांपलीकडे जायचे नाही, इतक्या जवळच्या बाजारांत मिळून सहापलीकडे नाही, आणि सगळा तेजीचा किंवा सगळा मंदीचा मिळून बारापलीकडे नाही.

तिसरी जागा आपल्यासारख्यांची आहे. हा गज मोठ्या भांडवलाला जितका छान बसतो तितका लहानाला बसत नाही. त्याच तेलात भांडवल पन्नास हजार डॉलर असते तर शंभरावा हिस्सा पाचशे, आणि एका लॉटचा हेलकावा ६३०. उत्तर येते ०.७९, म्हणजे शून्य लॉट. नियम म्हणतो, घेऊ नका. आपल्याकडे पाहा. मुंबईच्या एमसीएक्सवर सोन्याचा मिनी लॉट १०० ग्रॅमचा असतो आणि भाव दहा ग्रॅमचा बोलतात. दहा ग्रॅममागे एन हजार रुपये धरला, तर एका लॉटचा हेलकावा दहा हजार रुपये झाला. एक लॉट नियमाने घ्यायला भांडवल दहा लाख हवे. याहून लहान लॉटही आहेत, पण एकट्या सोन्यावर ही पद्धत चालवणे म्हणजे एकच झाड लावून बागाईतदार म्हणवून घेणे. कासवे वीसेक बाजारांत एकदम असत, आणि वर्षाचा नफा त्यांतल्या दोन-तीन बाजारांतून येई. कोणत्या, ते आधी कुणालाच ठाऊक नसे. दलाल तुम्हाला दहा लाखांचे भांडवल आहे का असे विचारणार नाही. तो फक्त लॉटची अनामत मागेल, आणि ती त्याहून पुष्कळ कमी असते. इथे माणसे फसतात. अनामत भरता आली म्हणजे लॉट परवडला, असे त्यांना वाटते.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअरबाजाराच्या वायदे आणि ऑप्शनच्या सौद्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन वर्षांत अशा किरकोळ सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे तीत दिसले. ते सगळे उच्चांक-नीचांकाच्या नियमाने चालत होते असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक कुठल्याच नियमाने चालत नसावेत. पण एनचा हिशेब करून शून्य लॉट हे उत्तर ज्यांनी मान्य केले असते, असे त्यांत पुष्कळ असणार.

शेवटचा प्रश्न एका श्रोत्यांनी आधीच चिठ्ठीवर पाठवला आहे, आणि तो मार्मिक आहे. ते विचारतात, "ओळीने सात-आठ सौदे तोट्यात गेले तर पद्धत बिघडली की नुसते दिवस वाईट आहेत, हे ओळखायचे कसे?" पुरते ओळखता येत नाही. पण वहीत दोन रकाने ठेवले तर बरेच कळते. एकात लिहा की तोटा किती व्हायचा होता, म्हणजे दोन एनचा. दुसऱ्यात लिहा की प्रत्यक्षात किती झाला. तोटे ओळीने आले, पण दोन्ही रकान्यांतले आकडे जवळजवळ सारखे असले, तर बाजार बांधला गेला आहे, भाव काठाला शिवून परत येतो आहे. अशी आठ-आठ महिने चाललेली वेळ या पद्धतीत येतेच. पण दुसरा रकाना पहिल्यापेक्षा वारंवार मोठा येत असेल, तर दोष आपल्या घरात शोधावा. एक तर आपण स्टॉपला न सोडता एक दिवस थांबतो, नाही तर त्या बाजारात उलाढाल इतकी कमी आहे की आपल्या भावाला कुणी मिळत नाही, किंवा एन काढताना चुकतो. आमचे हेच झाले होते. आम्ही आजचा उच्चांक वजा आजचा नीचांक एवढेच धरीत होतो, रात्रीतून पडलेली उडी धरीत नव्हतो. चांदीचा रात्रीचा बाजार तर न्यूयॉर्कच्या तालावर नाचतो. एन लहान यायचा, म्हणून लॉट जास्त घेतले जायचे, आणि स्टॉपही इतका जवळ पडायचा की सकाळी उघडतानाच तो मागे राहिलेला असे.

आणि मागल्या वीस वर्षांच्या भावांवर पद्धत तपासून पाहणाऱ्या तरुणांना एक सांगणे आहे. पंचावन्नाच्या जागी पन्नास घालून पाहा, साठ घालून पाहा. उत्तरे थोडी इकडे-तिकडे होऊन जवळपास तीच आली तर ठीक. पंचावन्नाला भरघोस नफा आणि पन्नासाला तोटा असे निघाले, तर तो नफा पंचावन्न या आकड्याला योगायोगाने चिकटलेला आहे, त्यावर पैसे लावू नयेत. आमची वही आम्ही बरोबर आणली आहे. तिसरा इशारा जिथे गाळला त्या पानाला खूण घातलेली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी कार्यक्रमानंतर मेजापाशी यावे.